बंडप्पाचं कॅप्शन

आमचा बंडप्पा बसमधून उतरायला लागला की बस जागची हलत न्हाई. एक पाय पायरीवर, एक पाय खाली, असा दारातच उभा राहून तो आधी कंडक्टरचे आभार मानतो, मग वाकून ड्रायव्हरचे. ड्रायव्हर कानडी असला तर कानडीत, मराठी असला तर मराठीत आणि मुसलमान असला तर आपल्या दख्खनीत. मागं पाटी घेतलेली बाई ओरडते, "उतर की रं बाबा, हात मोडायलेत माझे." मग बंडप्पा पुन्हा वर वळतो आणि थांबल्याबद्दल तिचेही आभार मानतो.

मी त्याच बसमधून उतरायचा असतो. माझं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

मी ज्ञानोबा. खटकचिंचोळीत आणि आसपास लग्नकार्य असलं की मंडप माझा असतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण मंडपाचा खांब कुठं रोवायचा ते मला आजवर कुणाला विचारावं लागलं न्हाई आणि माझं म्हणणं मांडायलाही कुणाची मदत लागत न्हाई. बंडप्पा माझ्या समोरच्या घरात राहतो. गुलबर्ग्याला एका दाल मिलमध्ये गुमास्ता होता. काम सुटल्यावर गावी आला. लग्न केलं न्हाई. कामून केलं न्हाई ते कुणी विचारलं न्हाई आणि इतकं बोलणारा माणूस, पण त्यानंही कधी सांगितलं न्हाई. भाऊ होता, तो हैद्राबादला गेला तो तिकडचाच झाला.

तर ह्या बंडप्पाकडं आमच्या भागात एक खातं आहे. आभाराचं.

शाळेचं गॅदरिंग असो, जत्रेतल्या कुस्त्या असोत, डोळ्याचं शिबिर असो, शेवटचं आभारप्रदर्शन बंडप्पाच करणार. ते त्याला कुणी दिलं आठवत न्हाई. बहुतेक त्यानंच घेतलं असेल. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून तो मैदानावर फिरतो. सतरंज्या कुणी उचलल्या, पाणी कुणी भरलं, माईकची वायर कुणाच्या घरातून घेतली, हे विचारत सुटतो आणि बोटांच्या पेरांवर नावं बसवत जातो. कागद न्हाई, पेन न्हाई. मधे कुणी त्याचा हात हातात घेतला तर चिडतो, म्हणतो, "सोड, नावं सांडतील."

त्याचं एकच म्हणणं. "कुणी राहू नये." हे तो दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की माझी सून भाजी निवडतानाही तेच म्हणायला लागली.

आता आभार मानावेत, मी न्हाई म्हणत न्हाई. पण किती आणि कुणाचे? कुस्तीत हरलेल्या पैलवानाचे त्यानं आभार मानले, 'हे पडले म्हणून कुस्ती निकाली झाली.' तो पैलवान मारायला धावला. डोळ्याच्या शिबिरात ज्यांना दिसत न्हाई त्यांचे आभार मानले, ते होते म्हणून शिबिर भरलं. आणि आमच्या चुलत्याच्या दिवसाला, सगळे जेवायला बसायच्या आधी, हा उभा राहिला आणि म्हणाला, "ज्यांच्यामुळं आज आपण सगळे एकत्र आलो त्या अप्पांचे आभार." माझी चुलती रडायची थांबून त्याच्याकडं बघत राहिली.

मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "मेलेल्या माणसाचं आभार मानतात व्हय रं?"

"मग कधी मानायचं?" तो म्हणाला. "जिवंत होतं तवा राहून गेलं."

अशा माणसाशी काय बोलायचं?

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात दरवर्षी कल्चरल फेस्ट असतो. पूर्वी गॅदरिंग म्हणायचे, आता फेस्ट म्हणतात, मंडप तेवढाच लागतो. माझी नात वैष्णवी तिथं शेवटच्या वर्षाला आहे आणि फेस्टचं इन्स्टाग्रामचं पान तिच्याकडं आहे. तिच्या शब्दाखातर यंदा मी मंडप, स्टेज, खुर्च्या असं सगळं भाडं न घेता दिलं. कॉलेजनं मला पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, 'मंडप पार्टनर.' मी वैष्णवीला म्हटलं, "पार्टनर कुणाचा? मी मालक हाय." ती म्हणाली, "आबा, आता सगळ्याला पार्टनरच म्हणतात. पाणी पार्टनर, नाश्ता पार्टनर. तुमचं नाव शेवटच्या पोस्टमधी येईल, सगळ्या जगाला दिसंल."

सगळ्या जगाचं मला काय करायचं? पण माझी लेक पुण्यात असते, व्याही उदगीरला आहेत, आणि त्यांच्या फोनवर ते पान येतं. लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव कधी आलं तर खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात येतं. ह्या वेळी ते बाकीच्यांच्या बरोबरीनं येणार होतं. मला ते बघायचं होतं. त्यात लाजायचं काय आहे? मी बाजारात चारचौघांना सांगूनही ठेवलं होतं, की पोस्ट पडली की बघा.

दोन दिवसांचा फेस्ट चांगला झाला. पण दुसऱ्या दिवशी नाच लांबले, बक्षिसं लांबली आणि माईकची परवानगी संपत आली. बंडप्पा इस्त्रीचं धोतर नेसून स्टेजच्या पायरीपाशी उभा होता, दोन्ही हातांच्या मुठी गच्च आवळून, म्हणजे पेरांवरची नावं सांडू नयेत म्हणून. तेवढ्यात कमिटीचे पाटील सर माईकवर आले आणि म्हणाले, "वेळ संपलेला आहे, त्यामुळे आभार आपण इन्स्टावर टाकू."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तशा टाळ्या गाण्याच्या स्पर्धेलाही पडल्या नव्हत्या.

बंडप्पा पायरीपाशी तसाच उभा. मी खुर्च्या गोळा करायला लागलो तरी मुठी सोडेना. शेवटी मला म्हणाला, "इन्स्टा कुठं भरतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच तो आमच्या ओट्यावर हजर झाला. वैष्णवी फोन घेऊन तेच काम करत बसली होती. फोटो निवडून झाले होते, आता फोटोखालचा मजकूर लिहायचा होता. त्याला कॅप्शन म्हणतात.

"आभार मी सांगतो, तू लिही," बंडप्पा म्हणाला.

"अज्जा, ते आभारासारखं नसतंय," वैष्णवी म्हणाली. मला ती आबा म्हणते आणि त्याला अज्जा. "पहिल्या ओळीत मेन स्पॉन्सर यायला पाहिजे. सरांनी त्यांना तसं पत्रात लिहून दिलंय. फोटो दिसतो, त्याच्या खाली एकदीड ओळ दिसती, बाकीचं दडून राहतंय. 'अजून' वर बोट लावलं तरच उघडतंय."

"म्हंजे लोक आभाराच्या वक्ताला उठून जातात तसंच की."

"तसंच समजा."

मेन स्पॉन्सर म्हणजे गुलबर्ग्याचा एक इंग्रजीचा क्लासवाला. त्याचं नाव पहिल्या ओळीत, त्याचं चित्र पहिल्या फोटोवर, आणि पोस्ट त्याच्याही पानावर दिसावी म्हणून त्याला जोडीचं आमंत्रण पाठवायचं, ते त्यानं मान्य केलं की पोस्ट दोन्हीकडं दिसते. त्याच्या खाली ज्यांनी थोडं कमी दिलं ते, आणि त्याच्या खाली आम्ही, वस्तू देणारे. वैष्णवीनं हे सगळं समजावून सांगितलं. मला पटलं. लग्नातही आहेर पुकारताना मामाचं नाव आधीच घेतात.

बंडप्पालाही उतरंड मान्य होती. भांडण लागलं ते भाषेवरून. वैष्णवीनं सगळं इंग्रजीत लिहायला घेतलं होतं.

"बेकरीवाल्या करीमचाचाला इंग्रजी येतंय का?" बंडप्पानं विचारलं.

"न्हाई, पण कॉलेजचं पान इंग्रजीतच असतंय."

"ज्याचं आभार त्याला कळलं न्हाई तर ते आभार झालं कसं? ते क्लासवाल्याचं तू इंग्रजीत लिही, त्याचा धंदाच तो हाय. पाण्याच्या जारवाला मल्लिकार्जुन कानडी, त्याला कानडीत. करीमचाचाला त्याच्या बोलीत. फुलवाली अक्का आपली मराठी. मी माईकवर असंच करतो, इतके दिवस कुणी काही म्हणलं न्हाई."

कुणी म्हणणार कसं? ऐकायला असतंय कोण? पण हे मी मनात म्हणालो.

वैष्णवी हसली. "सर मला मारतील," म्हणाली आणि लिहायला लागली.

तिथून माझ्या डोक्याला जो ताप झाला तो काय सांगू. एकेका नावावर हा अर्धा चहा संपवायचा. 'पाणी पार्टनर' एवढंच लिहून भागेना. मल्लिकार्जुननं जार स्वतःच्या खांद्यावर आणले, ते यायला पाहिजे. करीमचाचासाठी म्हणे असं लिही, "चचा, तुमारे बिस्कुट थे तो बच्चे दो दिन नाचे, नै तो सो जाते." मी म्हणालो, "हे काय कॉलेजचं लिहिणं हाय?" तर वैष्णवीच म्हणाली, "राहू द्या आबा, हेच लोक शेअर करतील."

मग टॅग. टॅग म्हणजे नावाला असं बांधायचं की त्या माणसाच्या फोनवर घंटी वाजते, आणि तो तीच पोस्ट आपल्या पानावर लावू शकतो. बेकरीचं नाव लिहिलं तर खाली त्याच नावाच्या पाच-सहा बेकऱ्या आल्या. वैष्णवी पहिल्यालाच बोट लावणार होती, बंडप्पानं तिचा हात धरला. "आधी दार उघडून बघ घर कुणाचं हाय." उघडलं तर ती बेकरी हैद्राबादची निघाली, केकवर केक. आपल्या चाचाचं पान त्याच्या पोरानं काढलेलं, त्यावर एकच फोटो, तोही सायकलचा. ते शोधून बांधलं. फुलवाल्या अक्काचं पानच न्हाई, तिचं नुसतं नाव लिहिलं. बंडप्पाला ते खटकलं. "तिच्या फोनवर घंटी वाजणार न्हाई?" म्हणाला. "मग मी जाऊन सांगतो."

शेवटी पुढच्या वर्षाचं आमंत्रण. वैष्णवी म्हणाली, तारीख लिहिता येत न्हाई, युनिव्हर्सिटीच्या परीक्षा कधी लागतील ते ठरल्याशिवाय सर तारीख देत न्हाईत. तिनं लिहिलं, पुढच्या वर्षी पुन्हा भेटू, आणि ज्यांना स्टॉल लावायचा किंवा स्पॉन्सर व्हायचं त्यांनी पानावर मेसेज करा.

"हे बोलावणं व्हय?" बंडप्पा म्हणाला. "तारीख न्हाई, जेवण हाय का न्हाई ते न्हाई. लिही, ह्याच मैदानावर, ह्याच चिंचेखाली, लेकराबाळांना घेऊन या, तारीख कळवतो. जे ह्या साली आले न्हाईत त्यांनी आधी या."

वैष्णवीनं लिहिलं आणि तिचा चेहरा पडला. "अज्जा, बसत न्हाई."

इन्स्टावर बावीसशे अक्षरं चालतात, त्यात मोकळी जागाही मोजतात. ह्यांचं त्याच्या पुढं गेलं होतं. आधी तिनं बारकी चित्रं काढली, फुलं-बिलं. मग ते खुणेचे शब्द, हॅशटॅग म्हणतात ते, त्यातले बरेच काढले. मग पाटील सरांच्या नावापुढच्या पदव्या काढल्या. तरी बसेना.

"उरलेलं पहिल्या कमेंटमधी टाकू," ती म्हणाली. "कमेंट वर खिळवून ठेवता येती. पुष्कळ जण तसंच करतात."

"म्हंजे काही जणांना ओट्यावर बसवायचं अन् काहींना अंगणात," बंडप्पा म्हणाला. "न्हाई. कमी कर, पण सगळे एकाच पंगतीत."

इथं माझ्या टेम्पोवाल्याचा फोन आला. खुर्च्या घेऊन गोदामापाशी आला होता. मला जावं लागलं. जाताना मी वैष्णवीला म्हणालो, "मंडपाचं नीट लिही. पूर्ण नाव, गावासकट."

"व्हय आबा, लिहिलंय," ती म्हणाली.

गोदामात खुर्च्या मोजून घेईपर्यंत दुपार गेली. परत आलो तर पोस्ट पडली होती. पाटील सरांनी वाचून होकार दिला होता, चार भाषा बघून म्हणे आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाले टाक. क्लासवाल्यानं जोडीचं आमंत्रण घेतलं होतं. लोक धडाधड बदाम दाबत होते. करीमचाचानं ते बिस्किटाचं वाक्य आपल्या पानावर लावलं होतं आणि दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला लागला होता.

वैष्णवी आत गेली होती. मी ओट्यावर बसून, चष्मा लावून, 'अजून' वर बोट लावून सगळं वाचलं. हळूहळू वाचलं. मल्लिकार्जुन होता, त्याचा खांदा होता. चाचा होता. फुलवाली अक्का होती. ज्यानं वायर दिली तो न्हावी होता. कॉलेजसमोर फटफटी उभ्या करू दिल्या तो पंक्चरवाला होता. मैदान झाडणाऱ्या दोघी होत्या, नावानिशी. चिंच होती.

मी नव्हतो.

पुन्हा वाचलं. म्हटलं कानडीत असेल. कानडी मला वाचता येते, त्यातही न्हाई. ज्या मंडपाखाली हे सगळे बसले, ज्याच्या स्टेजवर नाचले, त्याचं नाव न्हाई. आणि तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन. "बाबा, पोस्ट बघितली. तुमचं नाव कुठं हाय?"

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

वैष्णवीला हाक मारली. ती बाहेर आली ती मान खाली घालूनच. "आबा, मी लिहिलं होतं. अज्जानीच काढायला लावलं. जागा होत न्हवती, तर म्हणाले, हे काढ. मी म्हणाले, आबा रागावतील. तर म्हणाले, ज्ञानोबाचं मी बघतो. आता एडिट करते, पोस्ट टाकल्यावर पण मजकूर बदलता येतोय, फोटोला हात लावावा लागत न्हाई. दोन ओळी कमी केल्या की—"

"थांब," मी म्हणालो. चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला.

बंडप्पा चुलीपुढं बसून भाकरी थापत होता. एकट्याला दोन भाकरी, त्याच्यासाठी एवढंसं पीठ अन् एवढी मोठी परात. मला बघून म्हणाला, "ये. अक्काला सांगून आलो. तिला लई बरं वाटलं."

"माझं नाव कामून काढलास?"

"जागा न्हवती."

"पंक्चरवाल्याला जागा हाय. चिंचेला जागा हाय. अन् मला न्हाई?"

"चिंच कॉलेजची हाय."

"बंडप्पा, मी गंमत करायला आलो न्हाई. बाजारात सगळ्यांना सांगून बसलोय मी. माझ्या लेकीनं फोन केला. काय सांगू तिला?"

त्यानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं. घाई न्हाई, काही न्हाई.

"सांग की घरचा माणूस हाय म्हून."

"कुणाच्या घरचा?"

आता तोच चिडला. मी काहीतरी वेडगळ विचारलं अशा नजरेनं बघायला लागला. "घरच्या माणसाचं कधी आभार मानतात का? सुनबाई तुला वाढती तर तू उठून माईकवर बोलतो का? परक्याचं मानावं लागतंय. त्याला बरं वाटावं, त्यानं पुन्हा यावं म्हून. एकाला काढायचं तर मी परका काढू का? तो रुसला तर पुढच्या सालाला येणार न्हाई. घरचा रुसला तर कुठं जातंय?"

"मी तुझा घरचा, हे मला तरी कधी सांगितलास?"

"सांगावं लागतंय व्हय?"

"अरे पण आपण घरचे कसे? तू लिंगायत, मी मराठा. तुझं घर हे, माझं ते. मधी रस्ता हाय."

बंडप्पानं भाकरी उलटली. माझ्याकडं न बघता, अगदी साधं, बसमधे तिकीट विचारावं तसं म्हणाला, "मग माझ्या घरचं कोण हाय म्हणतोस, ज्ञानोबा?"

मला उत्तर माहीत होतं असं वाटलं होतं. भाऊ हैद्राबादला, हे मला माहीत. त्याची पोरं ह्याला ओळखत न्हाईत, हेही माहीत. मिलमधले कोण उरलेत कुणास ठाऊक. तव्यावरची भाकरी फुगली, ती त्यानं काढून ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

"तुझ्यापुढं काय बोलायचं," एवढंच म्हणालो आणि परत आलो. रागातच आलो. राग जायला काही झालं नव्हतं. माणसानं मनात ठरवून टाकायचं आणि समोरच्याला पत्ता लागू द्यायचा न्हाई, ही काय रीत झाली?

वैष्णवी ओट्यावर फोन हातात घेऊन उभी होती, बोट तयार. "कोणत्या दोन ओळी काढू आबा? सरांचा पण फोन आलाय. म्हणायलेत, आजोबांचं नाव कसं काय राहिलं, लगेच घाला, चूक झाली."

"दे इकडं."

मी फोन कानाला लावला. पाटील सर भला माणूस, माफी मागायला लागले. म्हणाले, तुमचं नाव सगळ्यात वर घालतो, पहिल्या ओळीच्या खाली.

"हात लावू नका," मी म्हणालो. "जे लिहिलंय ते बरोबर हाय."

"पण काका, एवढा मंडप तुम्ही दिला—"

"मी काय परका हाय का?"

ते म्हणाले, "पुढच्या वर्षीही मंडप तुमचाच ना? पत्र पाठवतो."

"पत्र कशाला? तारीख तेवढी कळवा."

फोन ठेवला तर वैष्णवी माझ्याकडं टकामका बघायला लागली. मी तिला म्हणालो, बघत काय बसलीस, कामाला लाग. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तर ज्यांना मी सांगून ठेवलं होतं ते सगळे टपलेलेच. किराणावाला शिवराज लांबूनच म्हणाला, "काय मंडपवाले, चिंचेचं नाव आलं, तुमचं कामून न्हाई?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणालो, आणि दोन किलो ज्वारीचं पीठ जास्त बांधायला सांगितलं. एकट्याला दोनच भाकरी थापत बसतो, वैताग आलाय मला त्याचा. सुनेला सांगितलंय, उद्यापासून त्याच्या दोन इकडंच टाकायच्या. तो न्हाई म्हणाला तर त्याला ओढत आणायचं, विचारायचं न्हाई.